मंगळूरचा ई

मंगळूरला ई का, हे मला आजपर्यंत कोणी धड सांगितलेलं नाही. मुंबईचा कोड बी-ओ-एम, समजलं. नागपूरचा एन-ए-जी, तेही समजलं. पुण्याच्या शेवटी क्यू कुठून आला हे पुणेकरालाही माहीत नसेल, पण निदान पहिलं अक्षर तरी त्याच्या घरचं आहे. मंगळूर मात्र आय-एक्स-ई. त्या तीन अक्षरांत मंगळूरचं काय आहे ते शोधून दाखवा, मी तुमच्या घरी पाणी भरीन.

ऐंशीच्या दशकात मी अंधेरी पूर्वेला, चकाल्याजवळ, विमानाने माल पाठवणाऱ्या एका छोट्या एजंटाच्या ऑफिसात टायपिस्ट होते. एअरवे बिल टाइप करायचं, म्हणजे मालाचं तिकीट. कोणी पाठवलं, कोणाला पाठवलं, वजन किती, आत काय, आणि वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनात पोचायच्या विमानतळाची तीन अक्षरं. तीच तीन अक्षरं लेबलावर बोटभर जाडीची लिहून पेटीला चिकटवायची. खालचा पत्ता माणसांसाठी असतो. विमानतळावर हमालापासून सुपरवायझरपर्यंत सगळे ती तीन अक्षरं बघतात आणि पेटी त्या गाडीवर फेकतात. तिथे उभं राहून पत्ता वाचायला कोणाला वेळ आहे?

आम्ही मरोळ गावठाणातले. ख्रिस्ती, पण घरात मराठीच. आजोबांचं भाताचं शेत होतं, ते विमानतळात गेलं. धावपट्टीच्या नेमक्या कोणत्या टोकाखाली ते आहे यावर घरात अजून वाद होतो. मला त्याच विमानतळाच्या जिवावर नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, "शेतानं शेवटी काहीतरी दिलं म्हणायचं." आईचं बोलणं असंच, कडू आणि खरं.

मला एकच बहीण, माझ्याहून मोठी. तिला आम्ही बाय म्हणायचो. बायचं लग्न मंगळूरकडच्या माणसाशी झालं. तो अंधेरीला एका कारखान्यात होता, तिथेच त्यांचं जमलं. मग कारखाना बंद पडला आणि तो तिला घेऊन गावी गेला. बायला मुंबई सोडायची नव्हती. पण ती रडली नाही, मलाच चिडवत होती. "तू आहेस ना गो विमानवाली, पाठव मला बोंबील." आणि मी खरंच पाठवायची. सुके बोंबील आणि आईने कुटलेला बाटली मसाला, पत्र्याच्या डब्यात पॅक करून. पहिल्याच डब्याच्या वेळी मी कोडांचं जाड पुस्तक उघडून मंगळूर शोधलं आणि आय-एक्स-ई बघून म्हटलं, छापणाऱ्याची चूक असणार. चूक नव्हती. तेव्हापासून ती तीन अक्षरं माझ्या डोक्यात बसली ती बसलीच.

आमच्या ऑफिसचे मालक मूळ कोकणातले, राहायला मुलुंडला. त्यांना सगळे काका म्हणायचे. उभं आयुष्य विमानाच्या मालात गेलेलं. काकांना कोड पाठ असल्याचा अभिमान होता आणि तो रास्तच होता. नवीन कोणी कामाला लागलं की ते त्याला समोर बसवून शिकवायचे.

"हे बघ, जगात एवढी गावं आणि अक्षरं फक्त सव्वीस. दोन गावांना एक कोड चालत नाही. विमान कंपनीने मागायचा आणि परदेशातल्या त्यांच्या संघटनेने द्यायचा. आधी आला त्याने सरळ अक्षरं घेतली. उशिरा आला त्याला उरलंसुरलं. मग आपल्याकडच्या बऱ्याच गावांना आय-एक्सने सुरू होणारे कोड मिळाले. आय-एक्स दिसलं की हिंदुस्थान समजायचा आणि तिसरं अक्षर गावाचं. चंडीगडचा सी, जम्मूचा जे, लेहचा एल, रांचीचा आर. झालं पाठ."

ही काकांची किल्ली. आणि ती बहुतेक कुलपांना लागायची, हीच तर वाट लावणारी गोष्ट होती. बहुतेक.

बायच्या गळ्याला गाठ आली. मंगळूरला ऑपरेशन झालं, थायरॉइडच्या ग्रंथीसकट गाठ काढली, तपासली, आणि ती वाईट निघाली. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, गळ्याच्या ग्रंथीचा हा रोग त्यातल्या त्यात बरा. किरणोत्सर्गी आयोडीन पाजलं की शरीरात जिथे जिथे त्या ग्रंथीचे कण उरले असतील तिथे ते जाऊन बसतं आणि त्यांना आतल्या आत मारतं. मुंबईत ते मिळत होतं, पण नंबर लागायला किती थांबावं लागेल ते कोणी सांगेना. आणि बायची दोन मुलं लहान. तिच्या घराजवळच्या मोठ्या इस्पितळात त्याचा नवा विभाग नुकताच सुरू झाला होता. तिथला डॉक्टर मुंबईत शिकून गेलेला. तो म्हणाला, इथेच देऊ, आयोडीन ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रातून मागवतो.

ट्रॉम्बेचा माल आमच्याकडे नेहमी यायचा. शिशाच्या जाड डबीत बाटली, ती डबी पेटीत, पेटीवर पिवळं लेबल आणि तीन पात्यांचं ते काळं चिन्ह. पेटी हातात घेतली की दिसते त्याच्या दुप्पट जड लागायची. आमची पोरं ती गंमतीने एकमेकांच्या पायाजवळ सरकवायची. मी ओरडायची. घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण एक गोष्ट होती. हा माल थांबत नाही. साखर गोदामात पडून राहिली तर साखरच राहते. हे आयोडीन आठवडाभरात अर्धं होतं, कोणी पेटी उघडली नाही तरी. पुढच्या आठवड्यात त्याचंही अर्धं. त्याला कुलूप लावा, फ्रिजमध्ये ठेवा, नवस बोला.

आणि दुसरी गोष्ट बायची. आयोडीन नीट लागावं म्हणून आधी काही आठवडे थायरॉइडच्या गोळ्या पूर्ण बंद ठेवतात. ग्रंथी काढलेल्या माणसाला त्या गोळ्याच जिवंत ठेवतात. त्या बंद केल्यावर बाय फुगली. चेहरा सुजला, आवाज जाड झाला, पाय जड झाले. मंगळूरच्या उकाड्यात ती स्वेटर घालून बसायची. ट्रंक कॉलवर ती एक वाक्य बोलायची आणि मध्येच थांबायची. जी बाई बोलायला लागली की श्वास घ्यायची नाही, ती. एकदा मला म्हणाली, "मी ना, ओल्या गोणीसारखी झालेय गो." मी हसले. शेजाऱ्यांकडचा फोन ठेवून घरी आले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तिचं हृदय लहानपणापासून थोडं कमजोर. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, गोळ्या जास्त दिवस बंद ठेवता येणार नाहीत. सोमवारी आयोडीन द्यायचं ठरलं. त्या दिवसाचा हिशेब करूनच ट्रॉम्बेने बाटली भरली.

तो शनिवार. ट्रॉम्बेची गाडी सकाळी यायची होती, पण कुठे अडकली देव जाणे. वजन आणि किरणांचं माप पेटीबरोबरच्या कागदावर असतं, ते हातात आल्याशिवाय एअरवे बिल टाइप करता येत नाही. मी टाइपरायटरसमोर ताटकळत बसले. ऑफिस शनिवारी अर्धा दिवस. सगळे गेले. काका आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू घरी जा. आई एकटी काळजी करत बसली असेल. मी गाडीला थेट सांताक्रूझच्या मालशेडला वळवतो, बिल तिथेच हाताने लिहितो आणि पेटी विमानात चढल्याशिवाय हलत नाही. तुझ्या बहिणीची पेटी म्हणजे माझ्या मुलीची पेटी."

आणि त्यांनी अक्षरशः तसंच केलं. ऊन डोक्यावर घेऊन तिथे उभे राहिले. कप्तानाची परवानगी लागते, ती मिळवली. कुठल्या विमानात चढवायची ते ठरवणारा क्लार्क कोडाच्या चौकोनाकडे बघून म्हणाला, मद्रासमार्गे जाईल. काकांना वाटलं, मंगळूरच्या सरळ विमानात जागा नसेल, म्हणून वळसा. त्यांनी त्याला दुवा दिला. घरी पोचून त्यांनी आमच्या शेजाऱ्यांकडे फोन केला, "चढली पेटी. निर्धास्त झोप."

आई आणि मी त्या संध्याकाळी वांद्र्याच्या डोंगरावरच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावून आलो.

रविवारी दुपारी भावजींचा, म्हणजे बायच्या नवऱ्याचा, फोन आला. इस्पितळाचा माणूस बजपेला, मंगळूरच्या विमानतळावर, जाऊन आला. पेटी नाही. मी काकांना फोन केला. काकांनी शेडला फोन करून टेलेक्स पाठवायला लावला. तासाभरात काकांचा फोन. आवाजात हसू होतं. "अगं, मंगळूरचं उत्तर आलं. पेटी कालच पोचलीय, शेडमध्ये सुखरूप आहे, न्यायलाच कोणी आलं नाही म्हणतात. तुझ्या भावजींना सांग, नीट शोधा म्हणावं."

मग माझं डोकं फिरलं. भावजींना मी फोनवर काय काय बोलले. "तुमच्या लोकांना एक पेटी शोधता येत नाही? पिवळं लेबल आहे तिच्यावर, आंधळ्यालाही दिसेल. जा परत." ते बिचारे गेले. नाही म्हणाले. मी म्हटलं, परत जा. ते परत गेले. बजपेच्या शेडमधल्या माणसाने त्यांना हाताला धरून आत नेलं आणि सगळे कोपरे दाखवले. सुपारीची पोती, टपालाच्या थैल्या, एक सायकल. पेटी नाही. भावजी माझ्याशी कधी मोठ्याने बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "मी खोटं बोलतोय का गं? माझी बायको आहे ती."

काका खोटं बोलणारे नाहीत. भावजी खोटं बोलणारे नाहीत. मंगळूरचा टेलेक्स सांगतो पेटी आहे, मंगळूरचा माणूस सांगतो पेटी नाही. रात्रभर मला वाटत होतं, पेटी चोरीला गेली. पण ती कोण चोरेल? तिचं करायचं काय?

सोमवारी ऑफिस उघडताच मी सांताक्रूझचं शेड गाठलं आणि म्हटलं, मला तो टेलेक्स दाखवा. पिवळट कागदाची पट्टी. बिलाचा नंबर बरोबर. पेटी आली, ठेवली आहे, घ्यायला कोणी आलेलं नाही. सगळं बरोबर. आणि कोण बोलतंय ते लिहायच्या जागी, आय-एक्स-एम.

आय-एक्स-एम म्हणजे मदुराई.

मी तिथेच एका खोक्यावर बसले. एम मदुराईचा होता. मंगळूरला एम मिळालाच नव्हता, म्हणून तर त्याला तो बिनआईबापाचा ई. काकांनी स्वतः मंगळूरला कधी काही पाठवलेलं नव्हतं, बायच्या डब्यांची बिलं मीच करायची आणि तिथलं इस्पितळ नवीन. त्यांनी किल्ली लावली. आय-एक्स हिंदुस्थानचं, एम मंगळूरचा. बिलात एम, लेबलावर एम. रविवारी शोध घेताना टेलेक्सही त्यांनी विश्वासाने एमलाच पाठवला, आणि मदुराईच्या माणसाने प्रामाणिकपणे उत्तर दिलं की आहे बाबा, माझ्याकडे आहे. पत्त्यात मंगळूर लिहिलेलं होतं, मोठ्या अक्षरात. पण किरणांचं चिन्ह बघून मदुराईवाल्यांनी पेटी शेडच्या पार टोकाला ठेवलेली. वाकून पत्ता वाचायला तिच्याजवळ जाणार कोण?

काकांना मी सांगितलं तेव्हा ते आधी नाही म्हणाले. मग पुस्तक उघडलं. पानावरून बोट फिरवत गेले. बेळगाव बघितलं, तोही बी नाही, जी. बी बागडोगऱ्याकडे. अलाहाबाद डी. औरंगाबाद यू. इतकी वर्षं त्यांनी या सगळ्या गावांना माल पाठवला होता, ती अक्षरं त्यांना एकेक करून पाठ होती. किल्ली त्यांनी नंतर बनवली आणि पोरांना शिकवता शिकवता स्वतःलाच ती खरी वाटायला लागली. ते म्हणाले, "पोरी, मला ओरड." मला ओरडता आलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं, त्यांनाही आणि मलाही.

मग सुरू झाली ती धावपळ मला आठवावीशीसुद्धा वाटत नाही. मदुराईहून मंगळूरला सरळ विमान नाही. मद्रासला परत, तिथून बंगळूर, तिथून मंगळूर. मदुराईवाले म्हणाले, हा साधा माल नाही, पाठवणाऱ्याच्या घोषणापत्रावरही विमानतळ आय-एक्स-एमच लिहिलाय, ते बदलून सहीसकट आणा. बरोबरच बोलत होते. ट्रॉम्बेला जाऊन नवीन कागद केला, तो विमानाने मदुराईला पाठवला. कागद पोचला तर कप्तानाने पेटी घ्यायला नकार दिला. कारण विचारायचं नसतं, त्याचा तो अधिकार. दुसऱ्या दिवशी दुसरा कप्तान. मद्रासला बंगळूरचं विमान चुकलं. मी फोनवर बसून होते. विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, एका अनोळखी माणसाला दादा म्हणाले, दुसऱ्याला बाबा म्हणाले. सगळे ऐकून घ्यायचे. कोणी वाईट नव्हतं. प्रत्येकजण आपल्या हातात होतं तेवढं करत होता, आणि ते पुरत नव्हतं. दुसरी बाटली मागितली, तर ट्रॉम्बेत पुढचा माल पुढच्या आठवड्यात निघणार होता.

आणि त्या सगळ्या वेळात पेटीतलं आयोडीन आपल्या पद्धतीने कमी होत होतं आणि माझी बहीण आपल्या पद्धतीने सुजत होती.

गुरुवारी भावजींचा फोन आला. बायला श्वास घेता येईना, हृदयाभोवती पाणी झालं होतं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. करायलाच हव्या होत्या. एकदा गोळ्या सुरू झाल्या की आयोडीन नीट लागत नाही. म्हणजे सगळं पाण्यात. पेटी पोचली ती त्यानंतर, अर्धी झालेली. इस्पितळाने ती रीतसर सही करून ताब्यात घेतली आणि एका खोलीत कुलूप लावून ठेवली, संपेपर्यंत.

मला कोणाचं तरी नरडं धरायचं होतं. काकांचं धरवेना. म्हणून मी विमान कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथे कोड आणि भाडी यांचं काम बघणारा एक साहेब होता. मी म्हटलं, मंगळूरचा कोड बदलून द्या. लोक फसतात. माणसं मरतील.

त्याने मला बसवलं, चहा मागवला. मी चहा घेतला नाही.

"कोड आम्ही देत नाही, बाई. आम्ही फक्त मागतो. देते ती संघटना. त्यांना एकच बघायचं असतं, दुसऱ्या कोणाकडे तो नाही ना. गावाच्या नावाशी जुळलाच पाहिजे असा नियम नाही. जुळला तर बरं, एवढंच."

"मग एम द्या मंगळूरला. आणि मदुराईला ई द्या. त्यांचं काय जातं?"

"उद्या दिला समजा," तो म्हणाला. "आज विकलेल्या तिकिटांवर, वाटेत असलेल्या बॅगांवर, सगळ्या देशांतल्या पुस्तकांत जुना आहे. मंगळूरची प्रत्येक पेटी मदुराईला जाईल आणि मदुराईची मंगळूरला. तुमची एक गेली. म्हणून तर सहसा कोणी बदलत नाही. गावाचं नाव बदलतं, विमानतळाचं नाव बदलतं, कोड राहतो. शिकागोच्या विमानतळाचा कोड ओ-आर-डी आहे. तिथे पूर्वी ऑर्चर्ड नावाचं मैदान होतं. ते नाव कधीच पुसलं, कोडात राहिलं."

मी म्हटलं, "आमचं भाताचं शेत होतं तुमच्या विमानतळाच्या जागी. त्याचं नाव कुठल्याच कोडात नाही."

मी ते का बोलले मलाच कळलं नाही. मी उठले. त्याचं सगळं बरोबर होतं. मला समजावणाऱ्या प्रत्येकाचं सगळं बरोबर असायचं, हाच तर संताप होता.

गोळ्यांनी बाय सावरली. सूज उतरली, आवाज परत आला. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा करू. पुन्हा आठवडे गोळ्या बंद, पुन्हा तसंच व्हायचं, पण या वेळी जास्त काळजी घेऊ. बाय म्हणाली, नाही.

मी मंगळूरला गेले तिला समजवायला. ती अंगणात काजू वाळत घालत होती, चेहरा पहिल्यासारखा. मुलं तिच्या मागे पळत होती. मी तिच्या पाया पडले, शपथेवर सांगते, मोठ्या बहिणीच्या खरोखर पाया पडले. म्हटलं, "बाय, या वेळी पेटी मी आणीन. माझ्या हाताने कोड लिहीन, त्याच विमानात बसेन, उतरले की स्वतः शेडमधून उचलीन. कोणावर सोडणार नाही."

ती काजू पसरत राहिली. मग म्हणाली, "पेटी तू आणशील गो. माहीत आहे मला. पण तेवढी मी कुठनं आणू? ते सगळं परत सोसायला जी बाय लागते, ती संपली त्या आठवड्यात."

"मुलांचं काय?"

"मुलांनी मला तसं पाहिलं. धाकटा जवळ येत नव्हता. आता येतो." तिने मूठभर काजू माझ्या ओंजळीत टाकले. "खा. चांगले आहेत."

मी भांडले, डॉक्टर भांडले, भावजी पहिल्यांदा तिच्यावर चिडले. आईने मरोळहून फोनवर शिव्या घातल्या. बाय सगळ्यांना हो हो म्हणायची आणि तारीख आली की घरात बसायची. एखाद्या माणसाला ओढत नेऊन बरं करता येत नाही. मी आयुष्यात इतकी हतबल कधी झाले नव्हते. पेटीच्या वेळी निदान फोन करता येत होते.

काका त्यानंतर कोणालाच किल्ली शिकवायचे नाहीत. नवीन पोरगा आला की पुस्तक त्याच्यासमोर टाकायचे आणि म्हणायचे, "प्रत्येक वेळी बघायचं. पाठ असलं तरी बघायचं." आणि माझ्याकडे न बघता आत जायचे. दर नाताळला त्यांच्याकडून बायच्या मुलांसाठी खेळणी यायची. ती पाठवायचं बिल ते मलाच टाइप करायला लावत.

बाय त्यानंतर काही वर्षं चांगली राहिली. मग कमरेत दुखायला लागलं. रोग हाडांत उतरला होता. ते दशक संपत आलं होतं तेव्हा एके सकाळी भावजींचा फोन आला आणि ते काहीच बोलले नाहीत, म्हणून मला कळलं.

आईला घेऊन मी सांताक्रूझला गेले. काका आधीच तिथे उभे होते, तिकिटं घेऊन. काउंटरवर माझी बॅग वजनाला लावली. तिथल्या मुलीने बॅगेला कोडाची पट्टी बांधली. मी वाकून वाचलं. आय-एक्स-ई. काकांनीही वाकून वाचलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले.

बजपेला उतरलो तेव्हा ऊन होतं. आईला चालवेना, तिला खुर्चीवर बसवून मी सामान घ्यायला गेले. पहिल्याच गाडीत माझी बॅग होती.